हिमालयात ज्वालामुखी का नाही?



माझे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले, आणि पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात झाले. तेव्हा भूशास्त्रासारख्या विषयावर मी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या युनियनच्या कचेरीत रात्री एक अभ्यासवर्ग चालतो. दिवसा यंत्रावर उभी राहणारी पोरे तेथे बाहेरून परीक्षेला बसण्याची तयारी करतात. त्यांच्या उत्तरपत्रिका चाळताना एक प्रश्न वारंवार समोर आला : ‘भूकंपाचे पट्टे, ज्वालामुखी आणि पर्वतनिर्मिती यांचा परस्परसंबंध नामनिर्देशित आकृत्यांच्या साहाय्याने स्पष्ट करा.’ आजचे व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

मुलांचे उत्तर ठरलेले असते. ‘पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांचे बनलेले आहे. हे भूपट्ट एकमेकांवर आदळतात, त्यामुळे भूकंप होतात, ज्वालामुखी फुटतात व पर्वत तयार होतात.’ खाली एक त्रिकोणी डोंगर, त्याच्या तोंडातून धूर, आणि दोन बाण. वाक्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सारी गोम आहे. भारताचा नकाशा समोर धरा. आपण ज्या भूपट्टावर बसलो आहोत त्याची एक कडा उत्तरेला हिमालयाखाली आहे. दुसरी कडा पूर्वेला, अंदमान-निकोबारच्या पश्चिमेस समुद्रात आहे. दोन्हीकडे टक्कर आहे आणि दोन्हीकडे भयंकर भूकंप होतात. अंदमानात बॅरन नावाचे बेट आहे, तो भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. दीडशेहून अधिक वर्षे निजलेला तो १९९१ साली पुन्हा जागा झाला आणि नंतरही अधूनमधून धुमसत राहिला. उलट काश्मीरपासून अरुणाचलापर्यंतच्या हिमालयाच्या रांगेत एकही जागता ज्वालामुखी नाही. भूपट्ट एकच, टक्कर दोन्हीकडे, मग एकीकडे आग आणि दुसरीकडे नुसता दगड, असे का? हा भेद ज्याच्या आकृतीत दिसतो त्याला विषय कळला असे मी समजतो.

कागद आणि पेन्सिल घ्या. व्याख्यानात मी हे फळ्यावर काढले. वाचकांनी माझ्या शब्दांवरून काढावे. कारखान्यात फिटर पोरगा ड्रॉइंग हाती आल्यावर आधी प्रमाण पाहतो, तसे आपणही आधी प्रमाण ठरवू. एक सेंटिमीटर म्हणजे वीस किलोमीटर. कागदावरची वीस सेंटिमीटरची आडवी रेघ म्हणजे चारशे किलोमीटर, आणि खाली दहा सेंटिमीटर म्हणजे दोनशे किलोमीटर खोली. आता गंमत पाहा. चार किलोमीटर खोल समुद्र या कागदावर दोन मिलिमीटरचा होतो. एव्हरेस्ट पुरता अर्धा सेंटिमीटरही भरत नाही. पण समुद्राखालचा जुना भूपट्ट, म्हणजे वरचे सात किलोमीटरचे काळ्या बेसाल्टचे कवच आणि त्याला खालून चिकटलेला प्रावरणाचा ताठ थर मिळून, सुमारे शंभर किलोमीटर जाड असतो. तो आपल्या कागदावर पाच सेंटिमीटरचा जाड पाट होतो. मुले डोंगर हातभर काढतात आणि भूपट्ट सुतळीएवढा, आणि मग हलते आहे ते काय हेच चित्रातून समजत नाही.

पहिली आकृती अंदमानाकडची, पश्चिमेकडून पूर्वेकडे कापलेली. ती नमुनेदार आहे, मोजणीचा नकाशा नव्हे. डाव्या कडेपासून पाच सेंटिमीटरपर्यंत समुद्राचा तळ सपाट काढा. तेथे तळ खाली वाकतो आणि एक खोल घळ पडते. तेथे लिहा ‘सागरी गर्ता’. या गर्तेपासून डावीकडचा तो पाच सेंटिमीटरचा पाट उजवीकडे तिरपा खाली जातो, आधी हळूहळू आणि मग अधिक उभा. गर्तेपासून अकरा सेंटिमीटर उजवीकडे गेल्यावर त्याचा वरचा पृष्ठभाग पाच सेंटिमीटर, म्हणजे शंभर किलोमीटर खोल पोचलेला असावा. यावर लिहा ‘बुडणारा भूपट्ट’. उजवीकडे त्याच्या वर बसलेला तो ‘वरचा भूपट्ट’. अंदमानात हा वरचा भूपट्ट म्हणजे बर्मा भूपट्ट नावाचा एक छोटा तुकडा आहे. वरचा आणि बुडणारा यांच्या मध्ये, उजव्या बाजूस, एक तिकोनी जागा उरते. तेथे तापलेले प्रावरण आहे. तिला ‘प्रावरणाची पाचर’ असे नाव द्या. ही पाचर विसरली की सारे उत्तर गेले.

समुद्रतळ बुडतो कशाने? कोणी ढकलले म्हणून नव्हे, निदान मुख्यतः नव्हे. कोट्यवधी वर्षे समुद्राच्या तळाशी पडून तो थंड झालेला असतो. थंड झाला म्हणून आकसला आणि खालच्या तापलेल्या प्रावरणापेक्षा किंचित जड झाला. एकदा कडा खाली गेली की ओल्या सतरंजीचे टोक पलंगावरून घसरावे तसा मागचा भाग आपोआप ओढला जातो.

आता ज्वालामुखी. येथे दहापैकी आठ आकृत्या चुकतात. मुले बुडणाऱ्या भूपट्टाच्या टोकाला लाल रंग देतात, ‘घर्षणाने वितळते’ असे लिहितात आणि तेथून सरळ वर बाण काढतात. वास्तविक बुडणारा पाट हा त्या सबंध चित्रातला सर्वांत थंड पदार्थ आहे. म्हणून तर तो बुडतो आहे. तो बहुधा वितळत नाही. तो वर पाणी सोडतो. समुद्राखाली असताना त्याच्या खडकांत खनिजांच्या अंगी पाणी मुरलेले असते, भांड्यातल्या पाण्यासारखे नव्हे तर चुन्यात मुरते तसे. तो खाली जातो तसा दाब आणि उष्णता वाढून हे पाणी पिळून निघते आणि वरच्या तापलेल्या पाचरीत शिरते. फाउंड्रीतल्या मंडळींना पुढचे समजावून सांगायला नको. कुपोलाच्या भट्टीत चुनखडी टाकली की त्याच उष्णतेत मळी पातळ होऊन वाहू लागते. आग वाढवलेली नसते, मळीचा वितळण्याचा अंश खाली आणलेला असतो. पाचरीत पाणी तेच काम करते. कोरडा असता तर जो खडक त्या उष्णतेत घट्ट राहिला असता, तो पाणी मिळताच थोडाथोडा वितळतो. हा शिलारस हलका, म्हणून वर चढतो, आणि वरच्या भूपट्टाला भेदून डोंगर रचतो. म्हणून बाण पाचरीतून सुरू झाला पाहिजे, आणि ज्वालामुखी वरच्या भूपट्टावर, बुडणारा पाट सुमारे शंभर किलोमीटर खोल गेलेला असतो त्या जागेच्या माथ्यावर पाहिजे. गर्तेत ज्वालामुखी काढलेली आकृती मी पाहिली आहे. तिला शून्य द्यावे.

भूकंप ठिपक्यांनी दाखवा. मात्र ठिपके कोठेही उडवू नका. दोन पाट जेथे एकमेकांवर घासतात त्या तिरप्या रेघेवर, वरच्या चाळीस-पन्नास किलोमीटरपर्यंत, ठिपके दाट काढा. सर्वांत मोठे धक्के येथले. त्याखाली ते बुडणाऱ्या पाटाच्या आत, त्याच्याबरोबर तिरपे खाली जाऊ द्या. जपानात कियो वदाती यांनी १९३०च्या सुमारास भूकंपांच्या नाभी खोलीनुसार मांडल्या, तेव्हा त्यांना हाच तिरपा पट्टा दिसला. पुढे अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यांनी तो इतर ठिकाणीही दाखवला. काही ठिकाणी हे ठिपके सातशे किलोमीटरपर्यंत जातात, त्यापुढे नाही. भूपट्ट हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी बुडत्या भूपट्टाची रेघ माणसाने कागदावर ओढली होती, मात्र ती कशाची आहे हे कळायला १९६०चे दशक उजाडावे लागले.

आता ही आकृती एका घटनेवर लावून पाहू. २६ डिसेंबर २००४, सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या उत्तर टोकाजवळ समुद्राखाली भूकंप झाला, प्रमाण ९ च्या वर. घासणाऱ्या त्या रेघेवर दोन पाट शेकडो वर्षे अडकून पडले होते. खालचा बुडत होता आणि जाताना वरच्याची कडा आपल्याबरोबर खाली ओढत होता. पोलादी फूटपट्टीचे टोक टेबलाखाली दाबून धरावे, तसे. टोक खाली गेले की पट्टीचा मागचा भाग थोडा फुगून वर येतो. त्या सकाळी अडकण सुटली आणि सुमात्रापासून अंदमानच्या उत्तर टोकापर्यंत सुमारे तेराशे किलोमीटर लांबीची चीर दहा-एक मिनिटांत उलगडत गेली. पट्टीचे टोक उसळून वर आले आणि मागचा फुगवटा बसला. अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी पाण्याखाली असलेली पोवळ्यांची खडके उघडी पडली, आणि त्याच वेळी पूर्वेकडचे पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्रीविजयपुरम) सुमारे एक मीटर खचले. दक्षिणेला ग्रेट निकोबारवर इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खाली गेली, आणि तेथला दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. एकाच धक्क्यात एक किनारा वर आणि दुसरा खाली, हे ज्याला चमत्कारिक वाटते त्याने पहिली आकृती पुन्हा पाहावी. गर्तेजवळचे ते वर, गर्तेपासून दूरचे ते खाली.

समुद्राचा तळ असा उसळला की वरचे सगळे पाणी उचलले जाते, आणि तेच त्सुनामी होऊन निघते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ती पोचायला दोन-अडीच तास लागले. दोन-अडीच तास म्हणजे थोडा वेळ नव्हे. पण तोवर हिंदी महासागरात सूचना देणारी व्यवस्थाच नव्हती. सगळे देश मिळून सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत किनाऱ्यावर सकाळीच कामाला लागणारा कोळी-कष्टकरीच मोठ्या संख्येने होता. हैदराबादेत सूचनाकेंद्र सुरू झाले ते २००७ साली. ही आकृती त्यापूर्वी तीस-पस्तीस वर्षे पाठ्यपुस्तकांत होती, हे येथे नमूद करून पुढे जातो.

दुसरी आकृती हिमालयाची, दक्षिणेकडून उत्तरेकडे कापलेली, प्रमाण तेच. येथे डाव्या बाजूस समुद्र नाही, आपली गंगेची मैदाने आहेत. भूपट्ट शंभर किलोमीटरचाच किंवा त्याहून जाड, पण त्याच्या माथ्यावरचे कवच बदलले. खंडाचे कवच सुमारे पस्तीस किलोमीटर जाड, कागदावर पावणेदोन सेंटिमीटर, आणि ग्रॅनाइटच्या जातीचे, हलके. पाण्याच्या मानाने त्याचे वजन सुमारे २.७ पट, तर प्रावरणाचे ३.३ पट. ओंडका पाण्यात बुडत नाही, तसे हे कवच प्रावरणात मुकाट्याने बुडत नाही. तेव्हा भारताचे कवच तिबेटच्या खाली अगदी निजलेल्या उताराने सरकते, आणि सरकताना त्याच्या वरच्या थरांचे तुकडे खरवडले जाऊन एकावर एक चढतात. पाठीमागून रेटा येत असताना गंजीतले पत्रे एकमेकांवर सरकावेत, तसे. त्या रचलेल्या तुकड्यांची रास म्हणजे हिमालय. आकृतीत त्या निजलेल्या रेघेला ‘मुख्य सरकपृष्ठ’ असे नाव द्या. तिच्यापासून दक्षिणेकडे वर फुटलेल्या तीन फांद्या काढा, म्हणजे थर कसे चढले ते दिसेल.

तिबेटाखाली कवच दुप्पट होऊन सुमारे सत्तर किलोमीटरचे झाले आहे, कागदावर साडेतीन सेंटिमीटर. वरचा डोंगर अर्धा सेंटिमीटर आणि खालचे मूळ त्याच्या कितीतरी पट, हे चित्रात स्पष्ट दिसले पाहिजे. ओंडका जितका जाड तितका तो पाण्यावर अधिक वर येतो आणि खालीही अधिक जातो. पर्वत उंच आहे तो खालच्या मुळावर तरंगून.

मग येथे ज्वालामुखी का नाही, ते आता कळेल. दोन कवचे एकमेकांवर चढली आणि त्यांच्यामध्ये तापलेल्या प्रावरणाची पाचर उरली नाही. शिवाय खाली जाणारे कवच समुद्रात भिजलेल्या तळासारखे पाणी घेऊन येत नाही. चुनखडी नाही आणि मळीही नाही. भट्टी पेटणार कशाची? भूकंप मात्र आहेत, कारण घासणे थांबलेले नाही. नेपाळात भारताचा रेटा वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर मुरतो. रेघ अडकून पडली तर शंभर वर्षांत दोन मीटरची उधारी साचते, आणि ती एका मिनिटात फेडली जाते. २५ एप्रिल २०१५ रोजी गोरखा भागात ७.८ प्रमाणाचा भूकंप झाला, त्याची नाभी सुमारे पंधरा किलोमीटर खोल होती. आपल्या कागदावर पाऊण सेंटिमीटर. सुमारे नऊ हजार माणसे गेली. आणि मोजणीत काय दिसले? काठमांडूच्या आसपासची जमीन सुमारे एक मीटर वर आली आणि तिच्या उत्तरेचा उंच हिमशिखरांचा पट्टा खचला. अंदमानची तीच फूटपट्टी! गर्तेऐवजी पायथा धरा, की हिशेब जुळतो.

पण एक शंका चौकस विद्यार्थी काढीलच. भारत तिबेटाला भिडण्यापूर्वी मध्ये समुद्र होता, तो गेला कोठे, आणि तो बुडत असताना पहिल्या आकृतीप्रमाणे ज्वालामुखी व्हायला नकोत काय? व्हायला हवेत, आणि ते होते. लेह गावाच्या उत्तरेस सिंधूच्या काठाने ग्रॅनाइटचे उघडेबोडके डोंगर पसरले आहेत. तो त्या जुन्या ज्वालामुखींचा जमिनीखाली थिजलेला शिलारस आहे. वरचे डोंगर झिजून गेले आणि आतली भट्टी उघडी पडली. तसलीच पट्टी पुढे दक्षिण तिबेटात ल्हासाकडे जाते. तिच्या दक्षिणेला, सिंधू आणि त्सांगपो यांच्या खोऱ्यांच्या रेषेत, समुद्रतळाच्या काळ्या-हिरव्या खडकांचे चिंबलेले तुकडे सापडतात. दोन खंडांमधली ती शिवण आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर चुनखडक आहे, आणि त्यात समुद्रातल्या प्राण्यांचे अवशेष आहेत. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्र संपला, पाण्याचा पुरवठा तुटला आणि ती भट्टी विझत गेली. म्हणून दोन आकृत्या वेगवेगळ्या पाठ करू नयेत. पहिली आकृती हे हिमालयाचेच पूर्वीचे रूप आहे. शक्य तर दोन्ही एकाखाली एक काढाव्यात आणि मधल्या जागेत ‘समुद्र संपला’ एवढेच लिहावे.

महाराष्ट्रातल्या मुलांना येथे एक मोह होतो. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७चा भूकंप आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३चा, हे दोन्ही ते या पट्ट्यांत घालतात, आणि सह्याद्री काळ्या बेसाल्टचा म्हणून त्याला ज्वालामुखींच्या रांगेत बसवतात. हे चालणार नाही. आपण भूपट्टाच्या पोटात बसलो आहोत, कडेला नव्हे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पसरला. त्याच्यामागे बुडणारा पाट नव्हता. कोयनेचे धक्के धरणाच्या जलाशयाशी जोडले जातात, आणि किल्लारीचा धक्का भूपट्टाच्या आतल्या जुन्या दुबळ्या जागेतून आला. या दोन्ही आकृत्यांत त्यांना जागा नाही. उत्तरात वेगळ्या वाक्याने तसे लिहावे.

परीक्षेत कधी नावे नसलेली आकृती देतात आणि ‘ओळखा’ म्हणतात. अशा वेळी डोंगराकडे पाहू नका, ठिपके पाहा. ठिपके एका तिरप्या पट्टीत शंभर किलोमीटरच्या खाली उतरत असतील आणि वर गर्तेला समांतर ज्वालामुखींची ओळ असेल, तर तेथे समुद्रतळ बुडतो आहे. ठिपके उथळ, रुंद पट्ट्यात विखुरलेले आणि ज्वालामुखी गायब, तर दोन खंडे भिडली आहेत. एक ठिकाण मात्र या कसोटीला दाद देत नाही. ते हिंदुकुश. तेथे दोनशे किलोमीटर खोल भूकंप होतात, पण वर ज्वालामुखी नाही. २६ ऑक्टोबर २०१५चा साडेसात प्रमाणाचा धक्का दोनशे किलोमीटरहून खोल होता, आणि तो दिल्लीपर्यंत जाणवला. तेथे भूपट्टाचा एक तुकडा जवळजवळ उभा खाली लोंबतो आहे आणि वरच्या भागापासून ताणला जाऊन तुटत चालला आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो तुकडा बुडालेल्या समुद्रतळाचा की खंडाच्या कडेचा, यावर त्यांचे अजून एकमत नाही. हिंदुकुश काढायची वेळ आली तर ठिपक्यांची पट्टी जवळजवळ उभी काढा, वर ज्वालामुखी काढू नका, आणि लोंबणाऱ्या तुकड्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह द्या.